बयाणा, वॉरंटी आणि एकतीस मार्च

विदर्भातील ज्या दुकानदारांचा सबंध वर्षाचा व्यवहार उन्हाळ्याच्या चार महिन्यांत आटोपतो, त्यांत कूलर स्वतः जोडून विकणाऱ्यांचा वर्ग लहान नाही. पत्र्याची पेटी गावातल्या कारागिराकडून घ्यावी, मोटर, पंखा आणि पंप ठोक बाजारातून आणावेत, गवताच्या ताट्या बसवाव्यात आणि दुकानाच्या नावाची पट्टी लावून माल विक्रीस ठेवावा, असा हा व्यवसाय आहे. आणि त्याच दुकानात नामांकित कंपन्यांचे फ्रिज, मिक्सर, पंखे हेही असतातच. अशा दुकानाच्या जमाखर्चात दोन रकमा हमखास चुकीच्या जागी जाऊन बसतात. एक, माल देण्यापूर्वी ग्राहकाने दिलेला बयाणा. आणि दुसरी, माल दिल्यानंतर वर्षभर मनात बाळगावयाची वॉरंटीची जबाबदारी. पहिली रक्कम हाती आलेली असते म्हणून ती उत्पन्नासारखी भासते, आणि दुसरी अद्याप हातची गेलेली नसते म्हणून ती मुळी दिसतच नाही. या दोन्ही रकमांची योग्य नोंद कशी करावी, ते अकोल्याकडच्या अशाच एका मध्यम दुकानाचे उदाहरण कल्पून येथे सांगण्याचा विचार आहे.

या व्यवसायात ३१ मार्च ही तारीख विशेष अडचणीची ठरते, त्याचे कारण पंचांगात आहे. कूलर आणि फ्रिज यांची मोठी खरेदी गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर होते, आणि पाडवा कधी हिशेबी वर्षाच्या अलीकडे तर कधी पलीकडे पडतो. २०२३ साली तो २२ मार्चला होता, २०२४ साली ९ एप्रिलला आणि २०२५ साली ३० मार्चला. याचा अर्थ असा, की २०२३-२४ या हिशेबी वर्षाच्या वाट्याला एकही पाडवा आला नाही आणि २०२४-२५ च्या वाट्याला मात्र दोन आले. पहिल्या वर्षाची विक्री घसरलेली आणि दुसऱ्याची फुगलेली दिसणे हे अशा दुकानात अगदी स्वाभाविक होते. तथापि मार्च २०२४ च्या अखेरीस विक्रीचा आकडा गतवर्षीपेक्षा खाली गेलेला पाहून, पाडव्यासाठी आलेले बयाणे विक्रीत ओढून घेण्याचा मोह अनेकांना झाला असणार, हेही तितकेच स्वाभाविक आहे. बँकेच्या कॅश क्रेडिटची मर्यादा वार्षिक विक्रीवर ठरत असल्यामुळे त्या मोहाला व्यवहाराची जोडही मिळते.

बयाणा आणि वॉरंटी हे दोन विषय एकत्र घेण्याचे कारण असे, की दोहोंचा निकाल एकाच घटनेवर अवलंबून आहे. ती घटना म्हणजे माल ग्राहकाच्या स्वाधीन होणे. त्या क्षणापर्यंत बयाणा हे दुकानाचे देणे असते. त्या क्षणी ते देणे फिटून विक्री होते. आणि त्याच क्षणी वॉरंटीचे नवे देणे जन्माला येते. या घटनेची तारीख ज्याच्या वहीत अचूक लिहिलेली आहे, त्याला पुढची बहुतेक कोडी सोडविण्यास फारसे सायास पडत नाहीत.

आता उदाहरण घेऊ. दुकानाच्या कूलरची किंमत १०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर मिळून ११,८०० रुपये आहे. मार्च २०२४ मध्ये ४० ग्राहकांनी प्रत्येकी ५,००० रुपये देऊन कूलर नोंदविले. त्यांपैकी ६ जणांनी उन्हाचा कडाका पाहून मार्चमध्येच माल नेला आणि ३४ जण पाडव्याची वाट पाहत थांबले. बयाणा हाती येताच रोख किंवा बँक खाते नावे आणि 'ग्राहकांची आगाऊ रक्कम' हे खाते जमा, एवढीच नोंद करावयाची. विक्री खात्याला या वेळी हात लावावयाचा नाही. करही या वेळी भरावा लागत नाही. कारण १५ नोव्हेंबर २०१७ च्या अधिसूचनेने मालाच्या विक्रीपोटी आलेल्या आगाऊ रकमेवरील कर त्या टप्प्यावर माफ झाला असून तो बिल करतेवेळीच देय होतो. मात्र ही सवलत कंपोझिशन योजनेतील दुकानदारांना नाही, हे त्यांनी ध्यानात ठेवावे. कर लागत नाही म्हणून पावती देण्याचे टाळणे मात्र सर्वथा गैर आहे. आगाऊ रकमेची रीतसर क्रमांक घातलेली पावती देणे कायद्यानेच सांगितलेले आहे, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे दुकानदाराच्या हिताचेही आहे.

माल देतेवेळी बिल पूर्ण ११,८०० रुपयांचे करावयाचे. ग्राहकाचे खाते ११,८०० ने नावे, विक्री १०,००० ने जमा, केंद्राचा कर ९०० आणि राज्याचा कर ९०० जमा. त्यानंतर आगाऊ रकमेचे खाते ५,००० ने नावे करून ग्राहकाच्या खात्याला जमा द्यावयाचे, म्हणजे उरलेले ६,८०० रुपये ग्राहकाकडून येणे दिसते आणि ते हाती येताच खाते मिटते. एकतीस मार्चला ६ ग्राहकांची ही संपूर्ण साखळी पुरी झालेली असेल आणि ३४ ग्राहकांचे १,७०,००० रुपये आगाऊ रकमेच्या खात्यात शिल्लक असतील. ताळेबंदात ही रक्कम चालू देण्यांत दाखवावयाची.

हीच रक्कम विक्रीत गेली असती तर काय झाले असते, ते नीट पाहण्यासारखे आहे. पाडव्यासाठी राखलेले ३४ कूलर ३१ मार्चला दुकानातच उभे होते, म्हणून ते खरेदीच्या किमतीने अखेरच्या मालसाठ्यात धरले गेले. आणि त्यांच्यापोटी आलेले १,७०,००० रुपयेही विक्रीत धरले गेले. एकच वस्तू साठ्यातही मोजली आणि विकलेलीही मोजली, आणि विक्रीसमोर खर्च काहीच न पडल्यामुळे ते सर्वच्या सर्व १,७०,००० रुपये नफ्यात जाऊन पडले. त्या नफ्यावर प्राप्तिकर भरला गेला. आणि पुढच्या वर्षी त्याच कूलरच्या विक्रीपोटी कर वगळून ५,००० रुपयेच जमा झाले असताना खर्च मात्र पूर्ण पडला, म्हणून ते वर्ष विनाकारण तोट्याकडे झुकले. बँकेने किंवा भागीदाराने दोन्ही वर्षांचे आकडे पाहून काही निष्कर्ष काढला असेल, तर तो दोन्ही वेळा चुकीचाच निघणार.

ही चूक वहीत कशी ओळखावी? माझ्या मते तीन खुणा पुरेशा आहेत. पहिली, कराच्या विवरणपत्रांतील बारा महिन्यांच्या विक्रीची बेरीज आणि नफातोटा पत्रकातील विक्री यांत तफावत येते; कारण विवरणपत्रात बिल झालेलीच विक्री जाते. दुसरी, मार्चमध्ये नफ्याचे प्रमाण एकाएकी चढते आणि एप्रिलमध्ये तितकेच कोसळते. तिसरी खूण सर्वांत बोलकी: एप्रिलच्या बिलबुकात ११,८०० रुपयांच्या कूलरची ६,८०० रुपयांची बिले आढळतात. बयाणा पूर्वीच विक्रीत गेल्यामुळे कारकुनाने उरलेल्या रकमेचेच बिल फाडलेले असते. असे अपुरे बिल हिशेबात तर चुकतेच; पण त्यावर कर कमी भरला जातो, आणि उद्या वॉरंटीची किंवा ग्राहक आयोगापुढची तक्रार निघाली, तर कूलरची किंमत काय होती याचाच वाद उभा राहतो. म्हणून बयाण्याच्या पावतीचा क्रमांक अंतिम बिलावर लिहिण्याचा दंडक प्रत्येक दुकानाने घालून घ्यावा. वर्षअखेरीस ज्या पावत्यांचा क्रमांक कोणत्याही बिलावर आलेला नाही, त्यांची यादी करावी. त्या यादीची बेरीज आगाऊ रकमेच्या खात्यातील शिलकेशी रुपयानिशी जुळली पाहिजे.

या यादीतून आणखी एक गोष्ट हाती लागते. काही दुकानांत बयाण्यासाठी वेगळे खाते न ठेवता ती रक्कम सरळ ग्राहकाच्या नावच्या उधारी खात्यातच जमा करण्याची पद्धत आहे. संगणकावर ही सर्व खाती एकाच गटात असल्यामुळे, समजा जुन्या ग्राहकांकडून ३,१०,००० रुपये येणे असेल आणि पाडव्याचे १,७०,००० रुपये देणे असेल, तर ताळेबंदात वजाबाकी होऊन १,४०,००० रुपये एवढेच येणे छापले जाते. नफा यात चुकत नाही, परंतु दुकानाचे चित्र चुकते. येणे वसूल करावयाचे आहे ते काही लोकांकडून आणि माल द्यावयाचा आहे तो दुसऱ्याच लोकांना, हे दोन भिन्न भार एकमेकांत विरघळून जातात. जमा शिलकेची उधारी खाती वेचून ती देण्यांच्या बाजूला नेणे, हे वर्षअखेरचे काम कधीही चुकवू नये.

येथे एका प्रसंगाचा स्वतंत्र विचार करावा लागतो. काही ग्राहक मार्चमध्येच पूर्ण पैसे देतात, बिलही करून घेतात, आणि 'कूलर तुमच्याकडेच राहू द्या, पाडव्याला सकाळी नेतो' असे सांगून जातात. ही विक्री मार्चची की एप्रिलची? उत्पन्नाच्या नोंदीविषयीच्या लेखामानक ९ मध्ये या प्रसंगाचा विचार केलेला आहे. ग्राहकाच्या विनंतीवरून माल ठेवून घेतला असेल, मालकी त्याने स्वीकारली असेल आणि बिलही मान्य केले असेल, तर विक्री झाली असे समजावे. परंतु तो विशिष्ट माल त्या वेळी तयार, हाती असलेला आणि वेगळा काढलेला असला पाहिजे. पाडव्यापर्यंत जोडून देऊ, असा नुसता मानस पुरेसा नाही. म्हणून ज्या कूलरवर ग्राहकाच्या नावाची आणि बिल क्रमांकाची चिठ्ठी बांधलेली आहे आणि जो गोदामाच्या एका बाजूला उभा करून ठेवला आहे, तो विक्रीत धरावा आणि ३१ मार्चच्या मालमोजणीतून वगळावा. ज्याचा पंखा अजून बसवावयाचा आहे, त्याचे बिल झालेले असले तरी विक्री एप्रिलचीच समजावी. मालमोजणी करणाऱ्याला हे आधी सांगितले नाही, तर तो चिठ्ठी बांधलेला कूलरही मोजतो आणि तीच दुहेरी गणना मागल्या दाराने पुन्हा शिरते.

दुरुस्ती व देखभालीच्या वार्षिक कराराची रक्कम ही आगाऊ रक्कमच असली, तरी ती सेवेपोटी असल्यामुळे तिच्यावरचा कर पैसे हाती येताच देय होतो, आणि उत्पन्न मात्र करार चालेल त्या महिन्यांवर वाटून घ्यावे लागते, एवढे येथे सांगून पुढे जातो.

आता वॉरंटीकडे वळू. तिच्याविषयीचा पहिला प्रश्न रकमेचा नसून वचन कोणाचे हा आहे. कंपनीच्या फ्रिजवर दिलेली वॉरंटी ही कंपनीची असते. दुकानदार तक्रार नोंदवून देतो, फार तर फ्रिज सेवाकेंद्रापर्यंत पोचविण्याची हमाली सोसतो. तेथे सुट्या भागांसाठी तरतूद करण्याचे कारण नाही. कित्येकदा ग्राहकाची अडचण पाहून दुकानदार आपल्या साठ्यातील भाग बसवून देतो आणि नंतर कंपनीकडून त्याची किंमत वसूल करतो. अशा वेळी ती किंमत कंपनीकडून येणे म्हणून तेव्हाच लिहावी, जेव्हा कंपनीची लेखी मंजुरी हाती असेल. आणि भाग आपल्या साठ्यातील असून त्याचे पैसे कंपनीला लावले असतील तर त्यावर करही आकारावा लागतो, हे कर खात्याने जुलै २०२३ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे.

दुकानाच्या नावाच्या कूलरची गोष्ट वेगळी. त्याच्या पंप-मोटरवर 'एक वर्षाची वॉरंटी' असे कार्डावर छापले आणि खाली दुकानाचा शिक्का मारला, की ते वचन सर्वस्वी दुकानाचे झाले. लेखामानक २९ प्रमाणे तरतूद करण्यास तीन गोष्टी लागतात: झालेल्या घटनेतून उद्भवलेली जबाबदारी, पैसा जाण्याचा संभव, आणि रकमेचा भरवसा ठेवण्याजोगा अंदाज. विकलेल्या कूलरच्या बाबतीत तिन्ही हजर असतात. नोंदवून ठेवलेल्या ३४ कूलरच्या बाबतीत मात्र पहिलीच गोष्ट नाही, कारण विक्रीच झालेली नाही. म्हणून त्यांच्यापोटी ३१ मार्चला वॉरंटीची तरतूदही करावयाची नाही. बयाणा आणि वॉरंटी एकाच सांध्याशी कशा अडकलेल्या आहेत, ते येथे दिसून येते.

अंदाज बांधण्याचे साधन एकच, आणि ते म्हणजे तक्रारवही. तीत तक्रारीची तारीख, मूळ बिलाचा क्रमांक व तारीख, गाव, बदललेला भाग, त्याची किंमत आणि कारागिराच्या फेरीचा खर्च, एवढे रकाने असले म्हणजे पुरे. परंतु मूळ बिलाची तारीख हा रकाना जर गाळला, तर ती वही तरतुदीच्या कामाची उरत नाही, कारण कोणत्या हंगामातले कूलर केव्हा बिघडले हे मग कळत नाही. गावाचा रकाना ठेवण्याचेही कारण आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथल्या खाऱ्या पाण्यात पंपावर आणि ताट्यांवर क्षार लवकर बसतात. ज्या दुकानाचे निम्मे गिऱ्हाईक त्या गावांतले आहे त्याने शहरी गिऱ्हाइकांवरून काढलेला दर वापरला, तर तरतूद कमी पडणार.

आमच्या कल्पित दुकानाच्या वहीवरून असे दिसते, की दर शंभर कूलरमागे वॉरंटीच्या मुदतीत १२ तक्रारी येतात. त्यांपैकी ९ पंपाच्या, दर तक्रारीस ५०० रुपये खर्चाच्या, आणि ३ मोटरच्या, दर तक्रारीस १,५०० रुपये खर्चाच्या. शंभर कूलरमागे ९,००० रुपये, म्हणजे कूलरमागे ९० रुपये. एप्रिल ते जून २०२३ मध्ये ३०० कूलर विकले गेले. तेव्हा त्या तीन महिन्यांत विकलेल्या संख्येप्रमाणे वॉरंटी खर्च नावे आणि वॉरंटी तरतूद जमा अशा नोंदी होऊन एकूण २७,००० रुपयांची तरतूद उभी राहिली. पुढे तक्रार येऊन पंप बदलला, की खर्च पुन्हा खर्चखात्यात टाकावयाचा नाही. तरतूद नावे आणि सुट्या भागांचा साठा व रोख जमा, अशी नोंद करून तो या तरतुदीतूनच भागवावयाचा. ही तरतूद दुसऱ्या कोणत्याही खर्चाला वापरता येत नाही, मग तो दुकानाच्या दुरुस्तीचा असो की मुदत संपलेल्या जुन्या कूलरचा.

येथपर्यंतचे काम सोपे आहे. खरी चूक होते ती ३१ मार्चला, तरतुदीपैकी किती रक्कम शिल्लक ठेवावयाची हे ठरविताना. पुष्कळ हिशेबनीस काळाच्या प्रमाणात हिशेब करतात: कूलर सरासरीने मेच्या मध्यावर विकले गेले असे धरले तर मार्चअखेर साडेदहा महिने उलटले, दीड महिना उरला, म्हणून तरतुदीचा आठवा भाग, म्हणजे ३,३७५ रुपये ठेवले की झाले. दर महिन्याला सारखाच वापर होणाऱ्या वस्तूला हा हिशेब चालेल. कूलरला तो मुळीच चालत नाही. कूलर जूनमध्ये पावसाबरोबर बंद होतो, टाकीच्या तळाशी गाळ आणि क्षार तसेच राहतात, आणि तो माळ्यावर किंवा गच्चीवरच्या छपराखाली आठ महिने पडून राहतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरवून पाणी भरले आणि कळ दाबली, की जाम झालेला पंप गुंगाट करतो पण पाणी चढवीत नाही, आणि गंजलेल्या खोळीतील मोटर अडकून तापते. म्हणजे वॉरंटीच्या तक्रारी वर्षभर सारख्या येत नाहीत. त्यांची एक लाट विक्रीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत येते आणि दुसरी, बहुधा अधिक खर्चाची, पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी. दुसऱ्या लाटेच्या नेमक्या मध्यावर ३१ मार्च ही तारीख येते.

तक्रारवहीत तक्रारीची आणि बिलाची अशा दोन्ही तारखा असल्यामुळे ही लाट मोजता येते. दुकानाच्या मागील हंगामांचा अनुभव असा, की शंभर कूलरमागच्या १२ तक्रारींपैकी ६ मार्चअखेरपर्यंत येतात, त्यांत ५ पंपाच्या व १ मोटरची. आणि उरलेल्या ६ एप्रिलपासून पुढे येतात, त्यांत ४ पंपाच्या व २ मोटरच्या. हीच वाटणी ३०० कूलरना लावली, तर मार्चअखेर १५ पंप व ३ मोटर होऊन गेलेल्या असाव्यात आणि १२ पंप व ६ मोटर येणे बाकी असावे. प्रत्यक्षातही २०२३-२४ मध्ये १५ पंप आणि ३ मोटर बदलाव्या लागल्या, असे समजा. परंतु हंगामानंतर पंपाचा भाव चढून एका तक्रारीचा खर्च ६०० रुपयांवर गेला, आणि बहुतेक पंप फेब्रुवारी-मार्चमध्ये बदलले गेल्यामुळे सोयीसाठी ते सर्व याच दराने मोजू. झालेला खर्च १३,५०० रुपये. तरतूद खात्यात शिल्लक तितकीच, १३,५०० रुपये. पुढे येणाऱ्या तक्रारींचा खर्च मात्र १२ पंपांचे ७,२०० आणि ६ मोटरचे ९,००० मिळून १६,२०० रुपये होतो. तेव्हा २,७०० रुपयांची भर चालू वर्षाच्या खर्चात घालून तरतूद १६,२०० वर आणली पाहिजे. मार्च २०२४ मध्ये विकले गेलेले कूलर या हिशेबाबाहेर ठेवले आहेत. त्यांच्यापोटी नव्या भावाने कूलरमागे ९९ रुपये निराळे धरावे लागतील. काळाच्या प्रमाणात काढलेले ३,३७५ रुपये आणि हे १६,२०० रुपये यांतील अंतर पाहिले, म्हणजे या आकडेमोडीचे कष्ट का घ्यावेत याचे उत्तर मिळते.

कार्डावरची मुदत आणि दुकानाची प्रत्यक्ष वागणूक यांतही अंतर असते. ४ एप्रिल २०२३ च्या बिलाचा कूलर १० एप्रिल २०२४ रोजी बिघडला, तर कार्डाप्रमाणे मुदत संपलेली आहे. तरीही बहुतेक दुकानदार 'सुरू केला आणि बंद पडला' असे सांगत आलेल्या ग्राहकाला परत पाठवीत नाहीत. ही सवलत दुकानाने नेहमी दिलेली असेल आणि गावात ती सर्वांना ठाऊक असेल, तर लेखामानक २९ च्या दृष्टीने तीही जबाबदारीच ठरते. व्यवसायाची रीत आणि चांगले संबंध राखण्याची इच्छा यांतूनही जबाबदारी उत्पन्न होते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणून तक्रारवहीत मुदतीबाहेरच्या पण फुकट केलेल्या दुरुस्त्याही लिहून ठेवाव्यात आणि दर काढताना त्या जमेस धराव्यात. एखाद्या वर्षी कोणा एका आप्तासाठी केलेली मेहेरबानी मात्र यात मोडत नाही.

प्राप्तिकराच्या दृष्टीने तरतूद मान्य होते काय, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली रोटॉर्क कंट्रोल्स या कंपनीच्या खटल्यात असा निर्णय दिला, की मागील अनुभवाच्या आधारे भरवशाचा अंदाज बांधून केलेली वॉरंटीची तरतूद हा वजावटीस पात्र खर्च आहे. त्या निर्णयाचा सारा भर मागील अनुभवावर आहे. 'विक्रीच्या दोन टक्के' असा गोल आकडा लिहून तरतूद केली आणि त्यामागे वही नसली, तर अधिकाऱ्याने ती अमान्य केल्यास तक्रारीला जागा राहत नाही. तसेच हंगाम संपल्यावर उरलेली तरतूद वर्षानुवर्षे तशीच चढू दिली, तर तो अंदाज भरवशाचा नव्हता, याचा पुरावा दुकानदार स्वतःच जमवून ठेवतो. उरलेली रक्कम त्या त्या वर्षीच उत्पन्नात परत घेतली पाहिजे. जे दुकानदार विक्रीच्या ठरावीक टक्क्यांवर अनुमानित उत्पन्न दाखवून कर भरतात, त्यांच्या कराच्या रकमेत तरतुदीने काही फरक पडत नाही; त्यांच्या बाबतीत विक्रीचा आकडाच महत्त्वाचा असल्यामुळे बयाण्याची चूक मात्र थेट करात उतरते.

अंदाज पडताळण्याची एक सोय या व्यवसायाला आयतीच मिळालेली आहे. ३१ मार्चचे हिशेब ३१ मार्चला कोणीच पुरे करीत नाही. विवरणपत्राची मुदत सामान्यतः जुलैअखेर आणि लेखापरीक्षण लागणाऱ्यांची ऑक्टोबरअखेर असल्यामुळे हिशेबाची शेवटची आखणी पावसाळ्यातच होते. तोपर्यंत एप्रिल, मे आणि जून हे तिन्ही महिने उलटलेले असतात, आणि गतवर्षीच्या कूलरपैकी खरोखर किती पंप व मोटर बदलाव्या लागल्या ते वहीत लिहिलेले असते. ताळेबंदाच्या तारखेस असलेल्या जबाबदारीविषयी नंतर अधिक माहिती मिळाली तर ती विचारात घ्यावी, असे लेखामानक ४ सांगतो. तेव्हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात तक्रारवही उघडून, मूळ बिल एप्रिल ते जून २०२३ मधले आहे अशा एप्रिल ते जून २०२४ मधील तक्रारी तेवढ्या वेचाव्यात आणि त्यांचा खर्च १६,२०० रुपयांशी ताडून पाहावा. प्रत्यक्ष खर्च १७,००० च्या आसपास निघाला तर तरतूद तेवढी करून टाकावी. तो ९,००० वरच थांबला, तर पुढच्या हंगामासाठी कूलरमागचा दर ठरविताना तक्रारवहीतील प्रत्येक ओळ पुन्हा वाचावी. एप्रिलमध्ये पाडव्याला दिलेल्या त्या ३४ कूलरच्या तक्रारी मात्र या वेचणीत येऊ देऊ नयेत. त्यांची बिले एप्रिलची आहेत, आणि त्यांचा हिशेब पुढच्या वर्षाच्या तरतुदीतून व्हावयाचा आहे.